मराठी औपचारिक पत्राचं इंग्रजी करताना आदरार्थी शब्दांचं काय करायचं

मराठी औपचारिक पत्र इंग्रजीत न्यायचं म्हटलं की नवीन माणूस पहिल्या ओळीलाच अडकतो, म्हणजे 'मा.'चं काय करू, 'सा.न.वि.वि.' कसं लिहू, 'शुभहस्ते'ला शब्द काय. मग डिक्शनरी उघडून एकेका शब्दाला इंग्रजी शब्द लावत गेला की पत्र शंभर वर्षांपूर्वीच्या दरबारातलं वाटायला लागतं. दुसऱ्या टोकाला काहीजण हे सगळं सरळ उडवून देतात, आणि मग पत्र तुटक होतं आणि काही वेळा चक्क चुकीचंही होतं, कारण मराठीत आदराच्या रूपांमध्ये नुसता आदर नसतो, माहितीही असते. माणूस एक की अनेक, बाई की पुरुष, विवाहित की नाही, जिवंत की वारलेला, आपला की समोरच्याचा, हे सगळं आपण आदराच्या रूपांतूनच सांगत असतो. तेव्हा सगळ्या लेखात एकच धागा धरा, की आदर हलवता येतो, कमीजास्त करता येतो, पण त्यात दडलेली माहिती सांडायची नाही.

एक पत्र घेऊनच सगळं बघू. समजा तालुक्याच्या गावातलं शासनमान्य 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याच्या कार्यवाहांनी इंग्लंडमधल्या एका देणगीदार ट्रस्टच्या अध्यक्षांना पत्र लिहिलंय. अध्यक्ष या बाई आहेत आणि त्यांना मराठी वाचता येत नाही. पत्र असं:

> मा. अध्यक्षा महोदया यांना,
>
> सा.न.वि.वि.
>
> उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यास आनंद होत आहे की, आपल्या उदार आश्रयाने आपल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेचे बांधकाम पूर्णत्वास गेले आहे. मा. अध्यक्ष साहेबांनी नुकतीच जागेची पाहणी करून समाधान व्यक्त केले. मागील वर्षीच्या ऑनलाइन बैठकीत आपण ठरविल्याप्रमाणे सदर अभ्यासिकेचे उद्घाटन आपल्या शुभहस्ते दि. 14 डिसेंबर रोजी सकाळी 11 वाजता करण्याचे योजिले आहे. तरी आपण आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून कार्यक्रमाचे अध्यक्षस्थान भूषवावे व उपस्थितांना मार्गदर्शन करून आम्हांस उपकृत करावे.
>
> तसेच मंजूर देणगीपैकी दुसरा हप्ता रु. 1,50,000 अद्याप प्राप्त न झाल्याने फर्निचरचे काम प्रलंबित आहे. तरी सदर रक्कम लवकरात लवकर मिळण्याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.
>
> कळावे, लोभ असावा, ही विनंती.
>
> आपला नम्र,
> मानद कार्यवाह

असं पत्र महाराष्ट्रात कुठल्याही संस्थेच्या फाइलीत सापडेल आणि मराठीत ते अगदी नीट आहे, कुणाला खटकणार नाही.

आधी विचारा, हे इंग्रजी कुणासाठी आणि कशासाठी

दोन अगदी वेगळी कामं असतात. एक म्हणजे समोरच्याने पत्र वाचून काहीतरी करावं, यावं, पैसे पाठवावेत, उत्तर द्यावं. दुसरं म्हणजे कोर्टात, व्हिसाच्या फाइलीत किंवा विद्यापीठात पुरावा म्हणून जोडायचं भाषांतर, जिथे मूळ पत्रात काय आहे ते दाखवणं हेच काम असतं. पहिल्या प्रकारात तुम्ही समोरच्याच्या रीतीने पत्र लिहिता, दुसऱ्यात मूळ पत्राची नोंद करता. वाचनालयाचं पत्र पहिल्या प्रकारचं आहे, तेव्हा बहुतेक सगळं त्याबद्दल सांगतो आणि दुसऱ्याचं पुढे थोडक्यात.

वाचणारा कुठला, हेही आत्ताच ठरवा. पुण्याहून बंगळुरूच्या ऑफिसला इंग्रजी पत्र जात असेल तर 'रिस्पेक्टेड सर' तिथे कुणाला खटकत नाही, भारतात ते रुळलेलं इंग्रजी आहे. लंडनला किंवा शिकागोला मात्र ते ऐकलेलं नसतं, तिथे 'डिअर'च चालतं, आणि 'डिअर' म्हणजे 'प्रिय' असं डोक्यात ठेवून घाबरू नका, पत्राच्या सुरुवातीला त्यात जवळीक वगैरे काही नसते, अगदी बँकेची नोटीसही 'डिअर'नेच सुरू होते.

मग पेन्सिल घ्या आणि माणसं ओळखा

भाषांतर सुरू करण्याआधी पत्रातला प्रत्येक 'आपण', 'आपला', 'ते', 'त्या', 'यांनी' याच्याखाली रेघ मारायची आणि वर लिहायचं की हा कोण. कंटाळवाणं काम आहे पण सगळ्यात मोठ्या चुका इथेच होतात, आणि त्या इंग्रजी चांगलं असलेल्या लोकांकडूनही होतात.

'आपण' म्हणजे आदराने 'तुम्ही' आणि 'आपण' म्हणजे 'तुम्ही-आम्ही मिळून' अशी दोन्ही कामं मराठीत एकच शब्द करतो. बहुतेक वेळा क्रियापद सांगून टाकतं. 'आपण ठरवू' म्हणजे सगळे मिळून, 'आपण ठरवाल' म्हणजे तुम्ही, 'आपण यावे' म्हणजे तुम्ही, 'आपण आलो' म्हणजे सगळे, 'आपण आलात' म्हणजे तुम्ही. अडचण येते ती भूतकाळात, जिथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणजे 'आपण निर्णय घेतला', 'आपण ठरविले'. इथे क्रियापद कर्त्याबद्दल काहीच बोलत नाही. कधी लिहिणाऱ्याने शेवटी 'त' लावलेला असतो, 'आपण सहकार्य केलेत', तर सुटलो, तो 'तुम्ही'च. पण 'केले' एवढंच असेल तर व्याकरणाकडून उत्तर मिळत नाही.

आपल्या पत्रात नेमकं तेच आहे, 'बैठकीत आपण ठरविल्याप्रमाणे'. उद्घाटनाचं बाईंनी ठरवलं की दोघांनी मिळून? इंग्रजीत 'ॲज यू डिसायडेड' आणि 'ॲज वी अग्रीड' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण पहिल्यात 'तुम्हीच तर म्हणाला होतात' असा सूर लागतो आणि बाईंनी तसं ठरवलं नसेल तर पहिल्याच पत्रात वाद. अशा वेळी अंदाज लावायचा नाही, कार्यवाहांना फोन करायचा आणि विचारायचं, साहेब हे कुणी ठरवलं होतं? समजा ते म्हणाले, बैठकीत सगळ्यांचं मिळून ठरलं, तर 'वी अग्रीड'.

'आपल्या'चं दुखणं याहून वाईट. एकाच वाक्यात 'आपल्या उदार आश्रयाने आपल्या वाचनालयाच्या' असं आलंय. पहिला 'आपल्या' म्हणजे बाईंच्या, दुसरा म्हणजे आमच्या, आणि तोही थोडासा 'तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या' असा, कारण मराठीत आपण पाहुण्यालाही घरचं करून घेतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'युअर' गेलं तर वाचनालय ट्रस्टच्या मालकीचं होऊन बसतं, आणि देणगीच्या कागदपत्रात मालकीचा घोळ कुणालाच नको असतो. इथे सरळ 'अवर लायब्ररी' लिहायचं. तो घरगुती ओलावा जातो, जाऊ दे, तो आपण आभाराच्या वाक्यात परत आणू.

आता 'मा. अध्यक्ष साहेबांनी पाहणी केली'. एक माणूस की अनेक? 'अध्यक्षांनी' एवढंच असतं तर कळलं नसतं, कारण आदरार्थी बहुवचन आणि खरं बहुवचन दिसायला एकच, शिवाय बाई की पुरुष तेही कळत नाही. 'साहेब' आहे म्हणून एक आणि बहुधा पुरुष, पण हल्ली बाई अधिकाऱ्यांनाही बरेच लोक साहेब म्हणतात म्हणून तेही विचारून घ्या. मुख्य म्हणजे हे वाचनालयाचे अध्यक्ष, आणि पत्र ज्यांना जातंय त्याही अध्यक्षच. मराठीत 'अध्यक्षा' आणि 'अध्यक्ष साहेब' यामुळे गोंधळ होत नाही, इंग्रजीत दोघांनाही 'द प्रेसिडेंट' म्हटलं की बाईंना वाटणार, मी कधी पाहणी केली? म्हणून 'अवर प्रेसिडेंट', आणि पुढे त्यांच्यासाठी 'ही'. 'ते म्हणाले'चं 'दे सेड' करू नका, इंग्रजी वाचणारा लगेच विचार करतो की हे लोक कोण.

पदव्या आणि मायना

'मा.' दिसलं की हात आपोआप 'ऑनरेबल'कडे जातो, तो आवरा. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका इथे 'द ऑनरेबल' ही ठराविक लोकांना मिळणारी पदवी असते, न्यायाधीश, मंत्री वगैरे, आणि भारतातही इंग्रजीत ती न्यायमूर्ती-मंत्र्यांनाच शोभते. ट्रस्टच्या अध्यक्षांना ती लावली तर तुम्ही त्यांना नसलेली पदवी देताय. 'मा.' हे मराठीत नुसतं सभ्यपणाचं आहे, इंग्रजीत त्याची जागा 'मिस्टर', 'मिझ', 'डॉक्टर' एवढ्याने भरते.

त्याच 'मा.'मध्ये दुसरा एक खड्डा आहे. बॅनरवर आणि पत्रिकेत 'मा. नगरसेवक' असं असतं तेव्हा तो माननीय आहे की माजी आहे हे बघणाऱ्याला माहीत असतं म्हणून चालतं, भाषांतर करणाऱ्याला ते ठाऊक असेलच असं नाही. माजीला आजी केलं तर चूक गंभीर आहे. आणि आपल्या पत्रात खाली सहीजवळ 'मानद कार्यवाह' आहे, हे आदराचं नाहीच, मानधन न घेता काम करणारा असा त्याचा अर्थ, इंग्रजीत 'ऑनररी सेक्रेटरी'. गंमत अशी की इंग्रजीत 'ऑनरेबल' आणि 'ऑनररी' या दोघांचाही शॉर्टफॉर्म 'ऑन' असाच लिहितात, त्यामुळे शॉर्टफॉर्म टाळा आणि पूर्ण शब्द लिहा.

पदाचं नाव हे आदरात मोजायचं नाही, ते जसंच्या तसं जायला हवं. कार्यवाह म्हणजे सेक्रेटरी, कोषाध्यक्ष म्हणजे ट्रेझरर, विश्वस्त म्हणजे ट्रस्टी. सरकारी पदांसाठी भाषा संचालनालयाचा पदनाम कोश आहे, त्यात बघा, गटविकास अधिकाऱ्याला मनाने 'ग्रुप डेव्हलपमेंट ऑफिसर' करू नका, तो 'ब्लॉक डेव्हलपमेंट ऑफिसर' असतो. लेटरहेडवरचं 'शासनमान्य ब वर्ग' सुद्धा माहितीच आहे, सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात, 'ब वर्ग' म्हणजे दुय्यम दर्जाचं असं वाचणाऱ्याला वाटू नये म्हणून 'गव्हर्नमेंट-रेकग्नाइज्ड पब्लिक लायब्ररी, क्लास बी' असं एकदा लेटरहेडवर लिहून सोडून द्यायचं.

नावामागच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. साहेब, राव, जी, ताई, अण्णा हे नावाचा भाग नसतील तर जातात, पण रामराव किंवा तात्यासाहेब हे नावच असू शकतं, आधार किंवा पासपोर्टवर काय आहे ते विचारा. श्री. चं 'मिस्टर'. सौ. आणि श्रीमती दोन्हींना 'मिझ' सगळ्यात सुरक्षित, बाईंना स्वतःला 'मिसेस' आवडत असेल तर तसं. गं. भा. इंग्रजीत औपचारिक पत्रात येत नाही, पण पेन्शन किंवा वारसाच्या प्रकरणात ती बाई विधवा आहे ही माहिती लागते, तिथे ती वाक्यात 'विडो ऑफ' म्हणून आणायची, नावाला चिकटवायची नाही. कै. चं 'द लेट', ते कधीही गाळायचं नाही. शाळेच्या कागदावरचा कु. हा कुमार आहे की कुमारी हे बघायचं. नाव आडनावापासून लिहिलेलं असेल, 'पाटील राजाराम गणपत' असं, तर 'डिअर मिस्टर गणपत' होऊ देऊ नका, 'डिअर मिस्टर पाटील'.

आपल्या पत्रात तर मायन्यात नावच नाही, 'अध्यक्षा महोदया' आहे. मराठीत मोठ्या माणसाला पदानेच हाक मारण्यात आदर आहे, इंग्रजीत उलट, नाव माहीत असून 'डिअर मॅडम' लिहिलं तर परकं वाटतं, घाऊक छापलेलं पत्र वाटतं. नाव शोधा आणि 'डिअर मिझ' अधिक आडनाव लिहा. ब्रिटिश पद्धतीत याला शेवटाशीही जोडलेलं आहे, नावाने सुरुवात केली तर शेवटी 'युअर्स सिन्सिअरली', 'डिअर सर ऑर मॅडम'ने केली तर 'युअर्स फेथफुली'. अमेरिकेत नुसतं 'सिन्सिअरली' चालतं. 'आपला नम्र', 'आपला विश्वासू', 'आपला आज्ञाधारक' हे सगळे या दोन-तीनातच येऊन बसतात, 'ओबिडियंट' वगैरे आता कुणी लिहीत नाही.

'सा.न.वि.वि.' हे जुन्या पत्ररीतीतलं, सादर किंवा साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि त्याचं इंग्रजी काही नाही. करूच नका. 'उपरोक्त विषयास अनुसरून' आणि 'कळावे, लोभ असावा' हेही तसंच. यांचं काम पत्र सुरू करणं आणि बंद करणं एवढंच आहे, ते काम इंग्रजीत 'डिअर' आणि 'सिन्सिअरली' करतात.

आता विनंत्या मोजा

खरं कसब इथे आहे, म्हणून थोडं सावकाश. मराठीत विनंतीची पातळी क्रियापदाच्या रूपात बसलेली असते. 'पाठवा' म्हणजे सरळ सांगणं. 'पाठवावे' म्हणजे सभ्यपणे सांगणं. 'पाठवावे ही विनंती', 'ही नम्र विनंती' म्हणजे अजून एक पायरी. आणि 'पाठविण्यात यावे', 'कार्यवाही व्हावी' यात तर समोरच्या माणसाचं नावच निघून जातं, जणू काम आपोआप होईल, तुम्हाला कोण सांगणार. पण हेच 'पाठविण्यात यावे' वरून खाली आलं, म्हणजे जिल्हा कार्यालयाकडून तालुक्याला, तर ती विनंती नाही, हुकूम आहे. म्हणून रूपावरून पातळी ठरवू नका, पत्र कुणाकडून कुणाला चाललंय ते आधी बघा. खालून वर जाणारं 'व्हावी' इंग्रजीत 'वुड यू' किंवा 'वी वुड बी ग्रेटफुल इफ' होतं, वरून खाली येणारं 'प्लीज सबमिट' आणि पुढे तारीख.

इंग्रजीत क्रियापदाला आदराचं रूप नाही, 'यू'ला तर तू-तुम्ही-आपण असा भेदच नाही. तिथे आदर तीन जागी जातो. विनंती प्रश्नासारखी करण्यात, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवण्यात, आणि मागण्याआधी कारण सांगण्यात. मराठीतला सगळा आदर या तीन जागी ओतायचा. 'मोस्ट', 'हंबली', 'काइंडली' असे शब्द पेरून तो येत नाही. एका वाक्यात 'काइंडली' आणि 'प्लीज' आणि 'रिक्वेस्ट' असे तिन्ही आले तर परदेशी वाचणाऱ्याला ते गयावया केल्यासारखं वाटतं किंवा उलट, वैतागून मागितल्यासारखं, आणि दोन्ही आपल्याला नकोय.

आपल्या पत्रात विनंत्या किती? नीट बघा, उद्घाटन करा, अध्यक्षस्थान घ्या, चार शब्द बोला, आणि हप्ता पाठवा. चार. मराठीत पहिल्या तीन इतक्या मखमलीत गुंडाळल्यात की भाषांतरात एखादी गळून पडते, आणि मग बाई येतात त्या फीत कापायची एवढंच माहीत असून, त्यांना भाषण करायचंय हे माहीतच नसतं. कारण 'मार्गदर्शन करावे'. त्याचं 'गाइड द ऑडियन्स' केलं तर काहीच बोध होत नाही. मराठी कार्यक्रमात मार्गदर्शन म्हणजे भाषण, तेव्हा 'से अ फ्यू वर्ड्स', आणि खरंच पंधरा-वीस मिनिटांचं भाषण हवं असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. 'शुभहस्ते उद्घाटन' म्हणजे त्यांनी उद्घाटन करावं, एवढंच. 'अध्यक्षस्थान भूषवावे' म्हणजे कार्यक्रमाचं अध्यक्षपद, 'चेअर द इव्हेंट'.

वाक्याच्या सुरुवातीच्या 'तरी'वर बरेच नवीन लोक फसतात. पत्रातला 'तरी' म्हणजे 'तेव्हा', 'म्हणून'. त्याचं 'हाउएव्हर' केलं की वाक्य उलटं फिरतं. बहुतेक वेळा तो गाळला तरी चालतो.

चौथी विनंती नाजूक आहे. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' याचं 'डू द नीडफुल' हे भारतात सर्रास दिसतं पण बाहेर ते जुनाट वाटतं आणि मुख्य म्हणजे काय करायचं ते सांगत नाही. मराठीत आपण मुद्दाम सांगत नाही, मोठ्या माणसाला काय करायचं ते कसं सांगायचं म्हणून. इंग्रजीत न सांगणं म्हणजे त्याला शोधायला लावणं. तेव्हा काम उघड करा, दुसरा हप्ता पाठवा. 'लवकरात लवकर'चं 'ॲज सून ॲज पॉसिबल' केलं तर देणगीदाराला ते तगादा वाटू शकतं. त्यापेक्षा तारीख आणि कारण द्या, पण तारीख मनाने घालायची नाही, पुन्हा कार्यवाहांना विचारायचं. समजा ते म्हणाले, फर्निचर कार्यक्रमाआधी बसवायचं तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पैसे हवेत. मग तेच लिहायचं.

एक मर्यादा इथे लक्षात ठेवा. 'अद्याप प्राप्त न झाल्याने काम प्रलंबित आहे' यात तक्रार आहे, सौम्य आहे पण आहे. इंग्रजी गोड करण्याच्या नादात ती पुसू नका. दुसऱ्या पत्रांत हे जास्त महत्त्वाचं होतं, 'याची कृपया नोंद घ्यावी', 'अन्यथा नाइलाजाने पुढील कार्यवाही करावी लागेल' हे मऊ शब्दांतले इशारे आहेत, आणि इशारा इशाराच राहिला पाहिजे. तसंच 'दिलगीर आहोत' आणि 'माफी मागतो' यात फरक ठेवा, पहिलं 'वी रिग्रेट', दुसरं 'वी अपॉलजाइज', दुसऱ्यात चूक कबूल केलेली असते आणि उद्या वाद झाला तर तो कागद पुढे येतो.

पत्र जोडून बघू

आता इंग्रजी पत्र असं होतं, इथे देवनागरीत लिहितोय म्हणजे मराठी वाक्याशेजारी ठेवून वाचता येईल:

> डिअर मिझ (आडनाव),
>
> आय ॲम डिलाइटेड टू टेल यू दॅट, थँक्स टू युअर ट्रस्ट्स जेनरस सपोर्ट, द स्टडी रूम ॲट अवर लायब्ररी हॅज नाऊ बीन बिल्ट. अवर प्रेसिडेंट व्हिजिटेड इट रिसेंटली अँड वॉज व्हेरी प्लीज्ड विथ द वर्क.
>
> ॲज वी अग्रीड ॲट अवर ऑनलाइन मीटिंग लास्ट इयर, वी वुड बी ऑनर्ड इफ यू वुड ओपन द रूम ॲट 11 ए. एम. ऑन 14 डिसेंबर. वी होप यू विल ऑल्सो चेअर द इव्हेंट अँड से अ फ्यू वर्ड्स टू द ऑडियन्स. वी नो हाऊ बिझी यू आर, अँड वुड बी व्हेरी ग्रेटफुल इफ यू कुड जॉइन अस.
>
> मे आय ऑल्सो मेन्शन द सेकंड इन्स्टॉलमेंट ऑफ द ग्रँट, 150,000 रुपीज, विच वी हॅव नॉट येट रिसीव्ड? द फर्निचर इज ऑन होल्ड अंटिल इट अराइव्ज. इफ इट कुड रीच अस बाय मिड-नोव्हेंबर, वी कुड हॅव द रूम फर्निश्ड इन टाइम फॉर द ओपनिंग.
>
> युअर्स सिन्सिअरली,
> (नाव)
> ऑनररी सेक्रेटरी

बघा, 'ऑनर्ड' हा मोठा शब्द एकदाच आलाय, आणि नेमका उद्घाटनाच्या जागी, कारण मराठीत 'शुभहस्ते'ने जे वजन दिलं होतं ते तिथे हवंच होतं. 'अमूल्य वेळातून वेळ काढून'चं 'वी नो हाऊ बिझी यू आर' झालं, अमूल्य हा शब्द गेला पण आम्हाला तुमच्या वेळेची कदर आहे हे राहिलं. 'उपकृत करावे'चं 'ग्रेटफुल'. 'उदार आश्रय' यातला आश्रय मुद्दाम सोडलाय, 'पेट्रनेज' लिहिलं असतं तर ट्रस्ट वरचा आणि आम्ही खालचे असं फार उघड झालं असतं, आणि 'पेट्रन' हे संस्थेतलं एक पदही असतं. आकडाही बघा, मराठीतला 1,50,000 हा परदेशी वाचणाऱ्याला चुकीचा स्वल्पविराम वाटतो, म्हणून 150,000.

उद्घाटन आणि पैसे दोन्ही एकाच पत्रात आहेत हे मला स्वतःला आवडत नाही, आमंत्रणाच्या पोटात मागणी ठेवली की आमंत्रणाचा मान कमी होतो, पण मूळ पत्र तसं आहे आणि दोन पत्रं करायची की नाही हे पाठवणाऱ्याने ठरवायचं. सुचवून बघा, परस्पर करू नका.

झाल्यावर तपासायची पद्धत सोपी आहे. मूळ पत्र न पाहिलेल्या कुणालातरी नुसतं इंग्रजी द्या आणि चार गोष्टी विचारा. पाहणी कुणी केली? ठरवलं कुणी? बाईंना काय काय करायचंय? पैसे किती आणि कधीपर्यंत? उत्तरं मराठी पत्राशी आणि कार्यवाहांच्या फोनशी जुळली की माहिती सांडली नाही. मग आणखी एकच विचारा, हे वाचून तुला राग येईल का किंवा अवघडल्यासारखं होईल का. तो 'हो' म्हणाला तर तो सांगेल ते एक वाक्य बदला, सगळं पत्र पुन्हा गोड करत बसू नका.

पुराव्यासाठीचं भाषांतर असेल तर

तिथे वरचं बरंच उलटं होतं. 'डिअर मिझ' लिहायचं नाही, मूळ पत्रात नाव नसेल तर तेही घालायचं नाही. 'महोदया' म्हणजे 'मॅडम', 'नम्र विनंती' म्हणजे 'हंबल रिक्वेस्ट', 'योग्य ती कार्यवाही'ही तितकीच मोघम, 'ॲप्रोप्रिएट ॲक्शन'. सौ., गं. भा., कै. यातलं काही गाळायचं नाही, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तीच माहिती हवी असू शकते. 'आपण ठरविल्याप्रमाणे' यासारखं दोन अर्थांचं वाक्य असेल तर फोन करून एक अर्थ निवडायचा नाही, भाषांतरकाराची टीप म्हणून खाली लिहायचं की मूळ शब्दाचे दोन अर्थ होतात. 'सा.न.वि.वि.'लाही तिथे 'पारंपरिक अभिवादन' अशी टीप पुरते. असं भाषांतर वाचायला ओबडधोबडच होतं आणि ते चालतं.

पत्र परत देताना

वाचनालयाच्या पत्रासारखं काम असेल तर एक गोष्ट होणारच, तयार राहा. कार्यवाह इंग्रजी वाचतील आणि म्हणतील, अहो हे फार कोरडं झालंय, माननीय कुठे गेलं, शुभहस्ते कुठे गेलं, मोठ्या बाई आहेत त्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, त्यांनी आयुष्यभर ज्या रीतीने मान दिलाय ती रीत कागदावर दिसत नाहीये. तेव्हा त्यांना हसू नका आणि इंग्रजीत असंच असतं म्हणून उडवूनही लावू नका. मराठी पत्र शेजारी ठेवा आणि बोटाने दाखवा, हा 'शुभहस्ते' इथे 'ऑनर्ड'मध्ये आलाय, ही 'नम्र विनंती' इथे 'मे आय'मध्ये आहे. तरीही त्यांना कमी वाटलं तर आभाराचं एक वाक्य वाढवा, आणि ते खरं असू द्या, म्हणजे अभ्यासिकेत किती मुलं बसतील किंवा आधी ती कुठे बसायची असं काहीतरी जे कार्यवाहांनाच ठाऊक आहे. ते वाक्य त्यांच्याकडूनच मराठीत बोलून घ्या, आणि शेवटी 'युअर्स सिन्सिअरली'च्या वर जोडून टाका.